वॉट वाढवून समुद्र हटत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

बोटीवरचा रेडिओ खाऱ्या पाण्याखाली का चालत नाही, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

> "लेख पुस्तकी वाटला. एसीत बसून फॉर्म्युले लिहिणाऱ्यांनी एकदा समुद्रात उतरावं. रेडिओ पाण्याखाली चालत नाही कारण हँडसेट ५ वॉटचा असतो. ट्रॉलरवरचा २५ वॉटचा किंवा त्याहून मोठा सेट लावा, डायव्हरपर्यंत आवाज जाईल. प्रकाशपण लहरच ना, मग तो कसा खाली जातो? आणि पावसात खाडीत तुमचं खारं पाणी असतं कुठे?"

आधी सुराबद्दल बोलतो. असहमती दाखवायला कुणाला एसीत बसवावं लागत नाही. माझ्या वडिलांचा ट्रॉलर होता. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला केबिनमधले सेट उघडून, मीठ चढलेले कनेक्टर घासून मी हे काम शिकलो. मी कुठे बसून लिहितो, याची उठाठेव तुम्ही करायचं कारण नव्हतं.

खाडीचं तुमचं बरोबर आहे. भर पावसात वरचं पाणी बरंच गोडं होतं, आणि तिथे सिग्नल जास्त खोल जातो.

आता वॉट. हा गैरसमज मी धक्क्यावर इतक्या तोंडून ऐकला आहे की त्यावर सविस्तर लिहितो. समुद्राच्या पाण्यात मिठाचे आयन असतात. लहर आत शिरली की तिचं विद्युतक्षेत्र या आयनांना हलवतं, म्हणजे पाण्यात प्रवाह वाहू लागतो. त्या प्रवाहाचं स्वतःचं क्षेत्र मूळ लहरीला विरोध करतं आणि लहरीची ऊर्जा पाण्यात उष्णता होऊन जिरते. ज्या खोलीवर क्षेत्र ३७ टक्के उरतं तिला स्किन डेप्थ म्हणतात. वाहकता ४ सीमेन्स प्रति मीटर धरली, तर मीटरमध्ये ती साधारण अशी येते:

```
δ ≈ 252 / √f     (f हर्ट्झमध्ये)
```

बोटींचा संकटात हाक मारायचा चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. उत्तर येतं २ सेंटिमीटर. आपलं अरबी समुद्राचं पाणी गरम, त्याची वाहकता ४ पेक्षा जास्तच, म्हणजे खोली आणखी कमी. दर २ सेंटिमीटरला पॉवर साडेसात पटींनी घटते, म्हणजे ८.७ डेसिबल गेले.

तुमचाच सेट घेऊ. २५ वॉट म्हणजे ४४ डीबीएम, एका मिलिवॉटपेक्षा ४४ डेसिबल जास्त. चांगला रिसीव्हर उणे ११९ डीबीएमच्या आसपासपर्यंत ऐकतो. मधे गमवायला मिळाले १६३ डेसिबल. ॲन्टेना निर्दोष, बाकी कुठेही गळती नाही, असं धरलं तरी हे सगळे ३८ सेंटिमीटरमध्ये संपतात. ५ वॉटवरून २५ वॉटवर गेल्याने तुम्ही काय कमावलं? दीड सेंटिमीटर. आणि कोयनेची सगळी १९६० मेगावॉट वीज त्या ॲन्टेनात ओतली, तर आणखी १८ सेंटिमीटर. डायव्हर तेव्हाही कंबरभर पाण्यातच हरवलेला असेल. पॉवर गुणाकाराने वाढवावी लागते आणि खोली बेरजेने मिळते, सगळी गोम यात आहे.

"पाण्यात ॲन्टेनाच बिघडते, मीठबीठ काही नाही," असंही कुणी म्हणेल. ॲन्टेना बिघडते हे खरं. म्हणून मी पडताळून पाहिलं. पारदर्शक वॉटरप्रूफ पिशवीत हँडसेट ठेवला, स्क्वेल्च रिकामी खरखर जेमतेम थांबेल इतकाच ठेवला, आणि भाऊ जवळूनच दुसऱ्या सेटवरून १ वॉटवर कामकाजाच्या चॅनलवर बोलत राहिला. धक्क्यावर हात पाण्यात घातला. कोपर बुडायच्या आत रिसीव्हचा हिरवा दिवा विझला. तोच सेट घरच्या जांभ्याच्या विहिरीत दोरीने सोडला, तर दिवा कितीतरी खाली चालू राहिला. ॲन्टेनाला दोन्ही पाणी जवळपास सारखंच बिघडवतं. फरक होता तो फक्त मिठाचा.

प्रकाशाचं एका वाक्यात सांगतो: इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला पाणी सुवाहकासारखं वागतच नाही, त्यामुळे वरचं सूत्र तिथे लावायचं नसतं.

खोली हवी असेल तर फ्रिक्वेन्सी उतरवावी लागते. ती चौथाई केली की स्किन डेप्थ दुप्पट होते. तमिळनाडूतलं नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन पाणबुड्यांसाठी १८.२ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतं. तिथे स्किन डेप्थ जवळपास १.९ मीटर होते. त्यासाठी अवाढव्य मनोरे लागतात, आणि इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर आवाज मावत नाही, फक्त संथ सांकेतिक अक्षरं जातात. हे गिलनेटच्या होडीवर बसवता येत नाही.

तुमचा तो "डायव्हर" तारकर्लीला स्कूबा करणारा असेल, तर त्याच्यासाठी मोठा सेट घेऊ नका. पाण्याखाली बोलायला ध्वनिलहरींवर चालणारं उपकरण घ्या, किंवा दोरीचे ठरलेले इशारे ठेवा. हँडसेट पाण्यावर तरंगणारा असावा, आणि माणूस वर आल्यावर तो डोक्याच्या उंचीवर धरूनच बोलावं.