‘पहिलं’ कुठून मोजायचं? प्रश्नार्थक वाक्यांवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: ‘पहिलं सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आणा’ हे तुमचं सूत्र मी भाचीला शिकवलं. ‘दे हॅव बीन वेटिंग’चं तिनं ‘हॅव बीन दे वेटिंग?’ केलं. ‘द मॅन हू इज स्टँडिंग निअर द गेट हॅज बीन वेटिंग फॉर यू’ या वाक्यात पहिलं दिसलं ते ‘इज’ उचललं आणि सगळं वाक्य मोडलं. ‘शी’ज फिनिश्ड हर वर्क’मध्ये तर काय उचलायचं तेच तिला कळेना. असा अर्धवट नियम देण्यापेक्षा प्रत्येक काळाचा तक्ता पाठ करून घेतलेला काय वाईट?

उत्तर: नमस्कार. भाचीची वाक्यं जशीच्या तशी दिलीत हे फार बरं केलंत, कारण तिन्ही ठिकाणी ती वेगवेगळ्या कारणानं अडखळली आहे आणि तिन्हींचे उपायही वेगळे आहेत. नियम मी सोडणार नाही. पण त्यातला ‘पहिलं’ हा शब्द कुठून मोजायचा, हे मुलांच्या हातात नीट पडायला हवं.

‘हॅव बीन’पासून सुरुवात करतो. चालू पूर्ण काळांत सहायक क्रियापदं एकामागे एक येतात, पण काळ दाखवणं आणि कर्त्याशी जुळणं ही कामं त्यांतलं एकटं पहिलंच करतं. ‘दे’च्या जागी ‘ही’ घ्या: ‘ही हॅज बीन वेटिंग’. मग काळ मागे न्या: ‘ही हॅड बीन वेटिंग’. दोन्ही वेळा ‘हॅव’चंच रूप बदललं, ‘बीन’ आणि ‘वेटिंग’ होते तसेच राहिले. ‘बीन’ हे रूप त्याच्या आधीच्या ‘हॅव’मुळे आलेलं आहे, कारण ‘हॅव’नंतर क्रियापदाचं तिसरं रूप लागतं, आणि ‘वेटिंग’ हे रूप ‘बीन’मुळे आलेलं आहे. प्रश्न करताना कर्ता ओलांडून पुढे जातं ते फक्त बदलणारं क्रियापद: ‘हॅव दे बीन वेटिंग?’

भाचीनं दोन्ही शब्द एकदम उचलले याचं मला नवल वाटत नाही. ‘वाट पाहत आहेत’ हे आपण एका दमात बोलतो आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’ लावून मोकळे होतो. आतला एक शब्द सुटा काढून दुसरीकडे ठेवायची सवय आपल्या जिभेला नसते. म्हणून तिला नियम पुन्हा सांगण्यापेक्षा कर्ता बदलून बघायला लावा. जो शब्द बदलतो त्याच्याखाली रेघ मारायची आणि तेवढाच हलवायचा. ही खूण ‘हॅड’ आणि ‘विल’ असलेल्या वाक्यांत मात्र चालत नाही, कारण ती दोन्ही सगळ्या कर्त्यांसोबत सारखीच राहतात. तिथे ‘दे विल हॅव बीन वेटिंग’ अशी तीन सहायकांची रांग असली तरी सरळ मोजलं की पुरतं: पहिलं ‘विल’, म्हणून ‘विल दे हॅव बीन वेटिंग?’

आता गेटजवळच्या माणसाचं वाक्य. तुमच्या पत्रातला खरा मुद्दा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. भाचीनं वाक्य डावीकडून वाचलं, पहिलं सहायक दिसलं ते उचललं आणि तिचं उत्तर असं झालं असणार: ‘इज द मॅन हू स्टँडिंग निअर द गेट हॅज बीन वेटिंग फॉर यू?’ सूत्र तिनं अक्षरशः पाळलं. पण ‘पहिलं’ हे वाक्याच्या सुरुवातीपासून मोजायचं नसतं. कर्ता जिथे संपतो तिथून मोजायचं असतं. या वाक्याचा कर्ता ‘द मॅन’ एवढाच नाही. ‘द मॅन हू इज स्टँडिंग निअर द गेट’ हा आठ शब्दांचा सगळा गट मिळून कर्ता आहे. त्यातलं ‘इज’ कोणता माणूस ते सांगणाऱ्या छोट्या वाक्यातलं आहे, मुख्य वाक्याशी त्याचा संबंध नाही.

हे सगळं नवशिक्याला व्याकरणाच्या भाषेत सांगायची गरज नाही. त्याला एक शब्द बदलायला सांगा: जेवढ्या शब्दांच्या जागी एकटा ‘ही’ बसतो, तेवढा कर्ता. ‘द मॅन’ एवढ्याच्याच जागी ‘ही’ ठेवला तर ‘ही हू इज स्टँडिंग’ असं होतं, आणि ते कानाला लगेच खटकतं. गेटपर्यंतचा सगळा गट काढून ‘ही’ ठेवला तर उरतं ‘ही हॅज बीन वेटिंग फॉर यू’. छान, सुटसुटीत वाक्य. आता त्याचाच प्रश्न करायचा: ‘हॅज ही बीन वेटिंग फॉर यू?’ इथवर भाची एकटी येईल. शेवटी ‘ही’ काढून त्याच जागी मूळ गट परत बसवायचा: ‘हॅज द मॅन हू इज स्टँडिंग निअर द गेट बीन वेटिंग फॉर यू?’ ‘गेट’नंतर एकदम ‘बीन’ आलं की मुलं बिचकतात, काहीतरी राहून गेलं असं त्यांना वाटतं आणि मग मध्ये पुन्हा एक ‘हॅज’ घालतात. ‘हॅज’ तिथूनच उठून पुढे गेलं आहे, हे बोट ठेवून दाखवावं लागतं.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ती लहान मुलं इथे काय करतात, हे बघण्यासारखं आहे. स्टीफन क्रेन आणि मिनेहारू नाकायामा या दोन भाषाशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांकडून असेच लांब कर्त्याचे प्रश्न विचारून घेतले होते. तो अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्त्याच्या आतलं सहायक उचलून तिथे भोक पाडायची चूक, म्हणजे तुमच्या भाचीची चूक, त्या मुलांनी केली नाही. त्यांची नेहमीची चूक वेगळी होती: सहायक पुढे आणायचं आणि जुन्या जागीही तसंच ठेवायचं. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की कर्ता हा एक अखंड गट आहे ही जाण त्या मुलांना बोलता बोलता आलेली असते. पुस्तकातून इंग्रजी शिकणाऱ्याला ती आपसूक मिळेलच असं नाही, म्हणून ती करून घ्यावी लागते.

तपासायलाही दोन साध्या खुणा आहेत. चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण काळांत विधानाचा प्रश्न करताना एकही शब्द वाढत नाही, एकही गळत नाही आणि कशाचंही रूप बदलत नाही. गेटच्या वाक्यात तेरा शब्द आहेत, प्रश्नातही तेराच हवेत. दोनदा आलेलं ‘हॅज’ किंवा ‘डिड दे हॅव फिनिश्ड?’सारखं उगाच घुसलेलं ‘डिड’ मोजताक्षणी सापडतं. भाचीची चूक मात्र मोजून सापडणार नाही, तिच्या वाक्यातही शब्द तेराच आहेत. तिच्यासाठी दुसरी खूण: कर्त्याचा गट वेगळा वाचून बघायचा. ‘द मॅन हू स्टँडिंग निअर द गेट’ वाचलं की मधून काहीतरी उपटलंय हे कळतं. कर्त्याला धक्का न लावता प्रश्न झाला पाहिजे.

वाक्याच्या सुरुवातीला वेळ दाखवणारे शब्द आले तरी हीच पद्धत चालते. ‘सिन्स मॉर्निंग द चिल्ड्रन हॅव बीन मेकिंग नॉइज’ यात ‘सिन्स मॉर्निंग’ कर्ता नाही. ‘दे’ बसतो तो ‘द चिल्ड्रन’च्या जागी. म्हणून प्रश्न ‘हॅव द चिल्ड्रन बीन मेकिंग नॉइज सिन्स मॉर्निंग?’ असा करायचा, वेळ शेवटी सरकवायची.

‘शी’ज फिनिश्ड हर वर्क’ची अडचण या सगळ्याच्या आधीची आहे. तिथे सहायक कोणतं हेच झाकलेलं आहे, म्हणून हलवायच्या आधी ते उघडून लिहायला हवं. हा ‘ज’ ‘इज’ही असू शकतो आणि ‘हॅज’ही. पुढे ‘इंग’वालं रूप असेल तर ‘इज’: ‘शी’ज फिनिशिंग’चं ‘इज शी फिनिशिंग?’ पुढे ‘बीन’ असेल, किंवा तिसरं रूप आणि त्याला जोडून कर्म असेल, तर ‘हॅज’. इथे ‘हर वर्क’ हे कर्म आहे, म्हणून ‘हॅज शी फिनिश्ड हर वर्क?’ कर्म नसलेलं नुसतं ‘शी’ज फिनिश्ड’ दोन्हीही होऊ शकतं. ‘तिचं संपलंय’ अशी स्थिती सांगतानाही इंग्रज माणूस ‘इज’ म्हणतो. असं वाक्य नवशिक्यांच्या स्वाध्यायात घालू नये असं माझं मत आहे. घातलंच, तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावीत.

‘दे’ड’चंही तसंच: पुढे ‘बीन’ किंवा दुसऱ्या कुठल्या क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर ‘हॅड’, मूळ रूप असेल तर ‘वुड’.

तक्त्यांबद्दल माझा आक्षेप घोकंपट्टीला नाही. भूत, वर्तमान, भविष्य आणि प्रत्येकाचे चालू, पूर्ण, चालू पूर्ण असे नऊ साचे होतात. मुलं ते सहज पाठ करतात. अडचण अशी की तक्त्यात कर्त्याच्या रकान्यात ‘आय’, ‘ही’, ‘दे’ असे एका शब्दाचेच कर्ते असतात. ‘हॅज ही बीन वेटिंग?’ हा साचा भाचीला तोंडपाठ असता तरी गेटजवळचा माणूस त्या साच्यात कुठून कुठपर्यंत बसवायचा हे तक्ता सांगत नाही, आणि ‘शी’ज’ कुठल्या रकान्यात घालायचं तेही सांगत नाही. तक्ता ठेवायचाच असेल तर जरूर ठेवा, पण मोठ्या गटाच्या जागी ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’ बसवायचा सराव त्याच्या आधी घ्या. तो जमला की तक्त्याचाही उपयोग होतो.

तुमच्या पत्रात नाही, पण याच स्वाध्यायात पुढे येईल असं एक वाक्य सांगून ठेवतो: ‘शी हॅज अ कार’. इथे ‘हॅज’ सहायक नाही, तेच मुख्य क्रियापद आहे; त्याच्यापुढे दुसरं क्रियापदच नाही. हे पूर्ण काळाचं वाक्य नव्हे, म्हणून आजच्या रोजच्या इंग्रजीत त्याचा प्रश्न ‘डझ शी हॅव अ कार?’ असा ‘डू’च्या मदतीनं होतो. ‘हॅज शी अ कार?’ हे जुन्या ब्रिटिश वळणाचं आहे. पण ‘शी हॅज हॅड अ कार फॉर इयर्स’ आलं तर त्यातलं पहिलं ‘हॅज’ सहायक आणि ‘हॅड’ हे मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणून ‘हॅज शी हॅड अ कार फॉर इयर्स?’ ही दोन वाक्यं भाचीला एकाखाली एक लिहून द्या आणि ‘हॅज’च्या पुढे क्रियापद कुठे आहे ते तिलाच शोधायला सांगा.