खालीलप्रमाणे

स्वयंसेवकांसाठी सूचनापत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बैठकीत नेमका त्याच वेळी मी मान हलवली. निमित्त होतं बारा वार्षिक अहवालांचं. सगळे स्कॅन झालेले, नोंदी झालेल्या, पण 'वार्षिक अहवाल' असं शोधलं की यायचे फक्त सात.

उरलेले पाच हरवले नव्हते, त्यांचं बारसं वेगळं झालं होतं. एक नुसता 'अहवाल (फाटका)'. एक 'scan0047'. एक 'वा. अहवाल', एक 'वार्षीक अहवाल', वेलांटी दीर्घ. पाचव्याच्या शीर्षकात लिहिलं होतं 'खालीलप्रमाणे' आणि खाली वर्णनाच्या चौकटीत 'वरीलप्रमाणे'. यावर मी पाणी प्यायलो.

सापडलेल्या सातांतही गंमत होतीच. काहींवर वर्ष १९८८ असं, काहींवर 1989 असं. आपल्याला दोन्ही आकडेच. संगणकाला मात्र ती निरनिराळी अक्षरं. आमच्या प्रणालीत देवनागरी आकड्यांनी शोधलं की इंग्रजी आकड्यांचे अहवाल बाहेरच बसायचे.

माझं पहिलं पत्रक अकरा पानांचं झालं. ते कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली चपखल बसलं. मग अर्ध्या पानात आणलं. शीर्षक मुखपृष्ठावरून नव्हे, आतल्या शीर्षकपानावरून घ्यायचं. मुखपृष्ठावर सजावटीच्या नादात शब्द गळतात. नाव छापलेलंच नसेल तर आपण द्यायचं, पण चौकटी कंसात, म्हणजे ते आपण दिलेलं आहे हे कळतं. आकडे देवनागरीत, वर्ष चार अंकी. भाग असतील तर ०१, ०२ असं लिहायचं, नाहीतर यादीत १ च्या मागोमाग १० येतो आणि २ बिचारा ताटकळतो.

फाटकेपणा वर्णनात. तिथे शीर्षक पुन्हा गिरवायचं नाही, शीर्षक जे सांगत नाही ते सांगायचं. मग त्या फाटक्या अहवालाची नोंद अशी झाली: शीर्षक 'वार्षिक अहवाल, १९८७'; वर्णन 'सभासदसंख्या, जमाखर्च आणि ग्रंथखरेदीची यादी. ४८ पाने, पाने १३ ते १६ नाहीत.' पूर्वीचं वर्णन होतं 'वाचनीय'. जमाखर्च वाचनीय वाटणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे.

सगळं दुरुस्त केलं, यादी शीर्षकानुसार लावली. १९९४ चा अहवाल सगळ्यांच्या डोक्यावर, १९८७ च्याही आधी. नियम पाळलेले, वेलांटी ऱ्हस्व, आकडे देवनागरी. शेवटी कर्सर शीर्षकाच्या अगदी सुरुवातीला नेला, तर तो आणखी एक घर डावीकडे सरकला. 'वार्षिक'च्या आधी एक मोकळी जागा होती. डोळ्यांना दिसत नाही, पण आमच्या यादीत ती 'अ'च्याही आधी लागते.

हा प्रताप कोणाचा, म्हणून नोंद करणाऱ्याचा रकाना उघडला. तिथे माझं नाव होतं. पूर्ण, शुद्ध, पत्रकात सांगितल्याप्रमाणे आडनाव आधी.