‘गुळमुळीत’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

प्रतिक्रिया:
गोडाऊनमधून उशिरा येणाऱ्या शीटसाठी रागाचा निरोप सुधारून कसा लिहावा, हा तुमचा लेख वाचला. संतापाचा मूळ निरोप निदान खरा होता, तुमचा सुधारलेला निरोप निव्वळ गुळमुळीत आहे. अशा गोड बोलण्यानेच लोक डोक्यावर बसतात. ‘शक्य झाल्यास’ लिहिलंत तर समोरचा म्हणणारच, नाही झालं शक्य. बसल्या जागी लेखणी चालवणाऱ्यांना गोडाऊनचा माणूस कसा असतो हेच माहीत नाही. सरळ फोन का करत नाही? आणि चौथ्यांदा उशीर केला तर काय, परत साखर लावणार?

उत्तर:
नमस्कार.

‘बसल्या जागी लेखणी चालवणारे’ वाचून आधी हसू आलं, मग ते गेलं. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये मी चार वर्षं काढली आहेत. पावसाळ्यात खाली पाणी, म्हणून पॅलेटवर खुर्ची ठेवून बिलं फाडली आहेत. तिथला माणूस कसा असतो हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. मी एकेकाळी तोच माणूस होतो, आणि मुंबईच्या ऑफिसातून येणारे संतापाचे मेल मलाच यायचे.

एक मान्य करतो. ‘शक्य झाल्यास’ हे दोन शब्द लेखातल्या निरोपात नको होते. तारीख ठरलेली असताना ‘शक्य’चा प्रश्न येत नाही. खाली ते काढले आहेत.

पण ‘गुळमुळीत’ हा शब्द मला मान्य नाही. तुम्ही दोन्ही निरोप शेजारी ठेवून वाचलेले दिसत नाहीत, म्हणून पुन्हा देतो. ९ तारखेच्या रात्री, दादरहून सुटलेल्या कल्याण लोकलमध्ये उभ्या उभ्या टाइप केलेला पहिला मसुदा असा होता:

‘तुम्ही या महिन्यातही शीट पाठवलीच नाही. दर वेळी हेच. ८ तारीख म्हणजे ८ तारीख, हे किती वेळा सांगायचं? आता निदान उद्या तरी पाठवा, नाहीतर साहेबांना कळवतो.’

आणि सकाळी पाठवला तो असा:

‘दादा, मागच्या महिन्याच्या बिलांची शीट ८ तारखेला यायची होती, ती माझ्याकडे अजून आलेली नाही. उद्या ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा आहे. आज दुपारी चारपर्यंत शीट आली तर बिलं जुळवायला मला संध्याकाळ मिळेल. सगळी तयार नसतील तर झालेली आता पाठवा आणि उरलेल्यांचे नंबर कळवा. जी राहतील ती पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये जातील, म्हणजे त्या पार्ट्यांना क्रेडिट महिनाभर उशिरा मिळेल. नेमकं कशात अडलंय?’

आता सांगा, यातला कडक कोणता? पहिल्यात शीट कधीपर्यंत हवी याची वेळ नाही, न आल्यास काय होईल ते नाही. आहे ती फक्त साहेबांची धमकी. दुसऱ्यात चार वाजेपर्यंतची मुदत आहे, आणि चारच का, तेही आहे. परिणाम तर मी जरा कमीच लिहिला. आमचं बिल ११ तारखेच्या जीएसटीआर-१मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये नसेल, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे त्याच्या क्रेडिटच्या यादीत ते दिसत नाही. मग २० तारखेला टॅक्स भरायच्या ३बी रिटर्नमध्ये त्याला त्या बिलावरच्या टॅक्सचं क्रेडिट घेता येत नाही, आणि तो आमच्या पेमेंटमधून टॅक्सची रक्कम अडकवून बसतो. हे गोडाऊनमध्ये बसलेल्याला दिसत नाही. त्याला वाटतं, अकाउंटवाल्यांची नेहमीची कटकट. ‘दर वेळी हेच’ म्हटल्याने ते त्याला कळत नाही, ‘क्रेडिट उशिरा मिळेल’ म्हटल्याने कळतं.

मग मी काढलं काय? मुख्यतः ‘च’ काढला. ‘शीट पाठवली नाही’ ही बातमी आहे, ‘पाठवलीच नाही’ हा आरोप. ‘उद्या पाठवा’ ही सूचना, ‘निदान उद्या तरी पाठवा’ हा टोमणा. आपल्या भाषेत डंख असतो तो या बारक्या शब्दांत, च, तरी, निदान, म्हणे. मसुदा लिहून झाला की मी फक्त हे शब्द शोधतो. (तुमच्या प्रतिक्रियेतही शोधले. तीन ‘च’ आणि एक ‘निदान’ सापडला.) ‘कृपया’ मात्र मी घालत नाही. तो फलाटावरच्या घोषणेसारखा वाटतो, आणि रोज चहा पिणाऱ्या माणसाला ‘कृपया’ लिहिलं की त्याला लगेच कळतं, हा चिडलाय.

दुसरा बदल ‘पाठवली नाही’च्या जागी ‘माझ्याकडे आलेली नाही’. तुम्हाला गुळमुळीत वाटलं ते बहुधा हेच वाक्य. ते तसं का आहे हे मी फार महाग शिकलोय. जीएसटी लागू झाला तो २०१७चा जुलै, त्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतली गोष्ट. तेव्हा मी आधीच्या नोकरीत होतो. एका सहकाऱ्याला मी तुमच्या आवडीचा मेल लिहिला होता, ‘तुम्ही पाठवलीच नाही’ असा, वर साहेब आणि सेल्सचे दोघे कॉपीत. त्याने शीट वेळेवर पाठवली होती, पण माझ्या आधी त्या जागेवर असलेल्या माणसाच्या आयडीवर. म्हणजे माझ्या मेलमधलं सगळ्यात ठणठणीत वाक्य खोटं होतं. मला माहीत होतं ते एवढंच, की माझ्याकडे ती आलेली नाही. चौघांसमोर माफी मागितली. त्यानंतर वर्षभर तो माणूस माझ्या प्रत्येक मेलला ‘नोटेड’ एवढंच लिहायचा. अडचण आली तर आधी कळवणं त्याने बंद केलं, आणि अकाउंट्समध्ये बसणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही.

म्हणून ‘मूळ निरोप खरा होता’ हे तुमचं वाक्य मला खटकलं. राग खरा होता, त्याबद्दल वाद नाही. पण ‘दर वेळी’ खरं नव्हतं. मी नंतर मागचे मेल उघडून पाहिले, सहा महिन्यांत उशीर दोनदा झाला होता, हा तिसरा. रात्री लोकलमध्ये तो मला बारा वेळा झाल्यासारखा वाटत होता. शेवटचा प्रश्नही उगाच नाही. ‘नेमकं कशात अडलंय’ला उत्तर आलं की परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा अडल्यात. मग ती सात बिलं बाजूला ठेवून बाकीची शीट साडेतीनला माझ्याकडे होती. पहिल्या मसुद्याला उत्तर काय आलं असतं? ‘किती वेळा सांगायचं’ला उत्तर नसतंच, प्रतिउत्तर असतं, आणि तेही परिच्छेदभर.

हे सगळं तुम्ही सौम्य शब्दांत विचारलं असतंत तरी मी सांगितलं असतंच. असो.

फोनबद्दल: फोनही करतो. पण फोनवर ‘हो, पाठवतो’ म्हणून विषय संपतो, मागे दोन ओळी लिहाव्याच लागतात, आणि लेख त्या दोन ओळींवर होता.

चौथ्या उशिराला मी साहेबांना कॉपीत घेतो. मजकूर हाच ठेवतो, फक्त वर आधीच्या तीन तारखा लिहितो. तो मेल साहेबांनी पुढे कोणालाही पाठवला तरी मला मान खाली घालावी लागत नाही. पहिला मसुदा पुढे गेला असता, तर आधी माझीच चौकशी झाली असती.