भागायचं कशाने?

«आजार १ टक्का लोकांत. चाचणी ९० टक्के आजारी पकडते, ५ टक्के निरोगींनाही पॉझिटिव्ह ठरवते. मग पॉझिटिव्ह म्हणजे आजाराची शक्यता ९० टक्के ना?»

नाही. कोथरूडमधले कुठलेही २,००० लोक घ्या आणि तक्त्यात माणसंच मांडा: उभे रकाने आजारी आणि निरोगींचे, आडव्या ओळी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या. आजारी २०, त्यांतले १८ पॉझिटिव्ह. निरोगी १,९८०, त्यांतले ९९ पॉझिटिव्ह. पॉझिटिव्हच्या आडव्या ओळीची बेरीज करा: ११७. आता १८ भागिले ११७, म्हणजे जेमतेम १५ टक्के. बारावीची मुलं १८ ला २० ने भागतात, तो आजारींचा उभा रकाना झाला. प्रश्न आडव्या ओळीचा आहे.

मात्र लक्षणं असलेले २,००० लोक घेतले आणि त्यांत आजार ३० टक्के धरला, तर ५४० खरे पॉझिटिव्ह, ७० खोटे. शक्यता ८८ टक्क्यांच्या वर. चाचणी तीच!