राणी कलरची पैठणी हिरवी करताना

आत्याच्या मुलाच्या लग्नात आत्या आणि तिच्या विहीणबाई दोघीही राणी कलरची पैठणी नेसून आल्या. कोणी कोणाला आधी विचारायला हवं होतं, हा वाद मी इथे उकरून काढत नाही, कारण त्यात मी दोन्ही बाजूंनी साक्ष दिलेली आहे. मुद्दा एवढाच की, दिवाणखान्यात लावायला जो फोटो निवडला त्यात दोघी शेजारी उभ्या आहेत आणि बँडपथकातल्या दिसतात.

"माझी साडी तेवढी हिरवी कर," आत्या म्हणाली. "बाटलीचा हिरवा. जर तशीच ठेव, निऱ्या विस्कटू नकोस, आणि रेशीम रेशमासारखं दिसलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, तू कॉम्प्युटरवर असतोसच."

मी फोटोशॉप उघडलं, `Hue/Saturation` काढलं आणि वरची पट्टी सरकवली. साडी खरोखरच दोन सेकंदांत हिरवी झाली. रंगांच्या चक्रात राणी कलर साधारण ३३० अंशांवर बसतो, बाटलीचा हिरवा १६० वर, म्हणजे १७० अंशांची फेरी. पण फेरीला निघालं की सगळ्यांनाच निघावं लागतं. जरीचं सोनं ४५ वरून निघून निळ्यात जाऊन पडलं आणि कातडीही त्याच्या मागोमाग गेली. आत्या नीलकंठ झाली. विहीणबाईसुद्धा. व्याह्यांचा फेटा मात्र खुलून दिसत होता.

मग रीतसर वाटेनं गेलो. आत्याच्या साडीच्या कडेनं फिरून मास्क केला, म्हणजे पांढऱ्या भागात रंग चढू देणारा आणि काळ्या भागात अडवणारा साचा. खांद्यावरचा पदर, कोपराखालची फट, निऱ्यांचं टोक, सगळं. त्यावर हिरव्या रंगाचा एक लेअर ठेवला आणि त्याचा मोड केला `Color`. या मोडमध्ये खालच्या फोटोचा उजेड-अंधार तसाच राहतो आणि रंग नवा चढतो, त्यामुळे निऱ्या जागच्या जागी होत्या. तरीही आत्या पावसाळ्यात कव्हर घातलेल्या स्कूटरसारखी दिसत होती.

का, ते कळायला चहाचे दोन कप गेले. रेशमाच्या घडीवर जिथे उजेड चमकतो, तिथे साडीचा रंग जवळजवळ नसतोच. तिथे दिसतो तो दिव्याचा रंग, पांढरटसा. उलट दोन निऱ्यांच्या खाचेत रेशमाचा उजेड समोरच्या रेशमावर पडून परत येतो, म्हणून तिथला रंग काळवंडत नाही, गडद आणि रसरशीत होतो. `Color` मोड हा फरक पुसतो आणि चमकेला, घडीला, खाचेला एकाच मापानं हिरवा वाढतो. पंगतीत हा गुण असेल, रेशमात नाही.

मोड बदलून `Hue` केला. हा फक्त रंगाची जात बदलतो, तो किती गडद हे जुन्या साडीकडूनच घेतो. जिथे राणी फिकट होता तिथे हिरवाही फिकट, जिथे दाट तिथे दाट. रेशीम परत आलं. पण हा हिरवा अजून बाटलीचा नव्हता. राणी कलर मुळात उजळ असतो, त्याची जात बदलून उजेड थोडाच कमी होतो? म्हणून `Curves` घेऊन मधला उजेड खाली ओढला आणि वरचं टोक मात्र घट्ट धरून ठेवलं. टोकही खाली आलं असतं तर चमक राखाडी होऊन साडी सुती झाली असती. आत्यानं मला वारसाहक्कातून वगळण्याइतकं हे कारण पुरेसं होतं.

राहिली जर. काठ सरळ होता, तो हातानं सोडवला. पण अंगभर बुट्टे, तेही निऱ्यांत वाकडेतिकडे शिरलेले. एकेक करत बसलो तर नवीन सुनेचं डोहाळजेवण येईल. फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल असतात, आणि तो तो रंग जिथे जास्त तिथे तो चॅनल उजळ दिसतो. ते एकेक करून बघताना लक्षात आलं की, हिरव्या चॅनलमध्ये राणी कलर जवळजवळ काळा दिसतो आणि जर लख्ख. म्हणजे मास्क आयताच तयार! आनंदानं उठून घरातल्यांना सांगून आलो. परत येऊन पाहतो तर त्या चॅनलमध्ये रेशमाची चमकही तितकीच लख्ख. कॉम्प्युटरच्या लेखी सोनं आणि चमक एकच. तशी फसणारी माणसंही आपल्या नात्यात आहेत, पण ते असो.

दोघांना वेगळं करणारा साक्षीदार निळा चॅनल. पांढरट चमकेत निळा भरपूर असतो, सोन्यात तो कमी असतो. तेव्हा `Calculations` मध्ये जाऊन `Subtract` निवडलं आणि हिरव्यातून निळा वजा केला. चमकेची वजाबाकी शून्यावर आली, राणी कलरची त्याहून खाली, आणि काळ्याभोर पडद्यावर फक्त बुट्टे उरले, दिवाळीच्या रात्रीसारखे. तो मास्क उलटा करून हिरव्या लेअरला लावला आणि `Curves`लाही. नाहीतर हिरव्यातून सुटलेली जर तिथे काळी पडते.

एवढं होऊनही निऱ्यांतली जर तांब्याची वाटत होती. तिचा काही दोष नव्हता. जर म्हणजे बारीक आरसा. इतकी वर्षं राणी कलरच्या शेजारी राहून तिनं तोच रंग उचलला होता. तिला रंगचक्रात थोडी पिवळ्याकडे सरकवली. मग तोच हिशेब हनुवटीलाही लावावा लागला, कारण साडीचा गुलाबी उजेड आत्याच्या हनुवटीखाली आणि मनगटावर पडला होता, आणि हिरवी साडी नेसलेल्या बाईच्या गळ्यावर गुलाबी उजेड कुठून येणार? तिथला गुलाबीपणा किंचित उतरवला. हिरवा चढवला नाही, नाहीतर आत्या आजारी दिसली असती. या हनुवटीवर माझे दोन तास गेले. ती कोणी पाहणार नाही हे मला माहीत होतं, पण पाहिलं असतं तर फक्त हनुवटीच दिसली असती.

फोटो पाठवला. रात्री साडेदहाला फोन.

"साडी छान झालीय रे. पण पोपटांना काय झालंय?"

"कुठले पोपट?"

"पदरावरचे. त्यांच्या चोची हिरव्या आहेत."

मी फोटो मोठा करून पाहिला. पोपटांची अंगं शाबूत होती. हिरव्या धाग्यातही निळा कमी, म्हणून वजाबाकीत ते जरीबरोबर फुकटात सुटले होते. चोची लाल होत्या. लालात हिरवा आणि निळा दोन्ही सारखेच कमी, त्यांची वजाबाकी शून्य, म्हणून त्या साडीबरोबर वाहून गेल्या.

"आत्या, एवढ्या लांबून कोणाला दिसणार आहेत चोची?"

"शेजारीच विहीणबाई उभ्या आहेत ना! त्यांच्या पदरावरच्या पोपटांच्या चोची लाल आहेत. आल्या की त्या आधी तेच बघतील."

पदरावर चौदा पोपट होते. मी बारीक ब्रश घेऊन मास्कमध्ये एकेक चोच पुसत बसलो. तेरा झाल्या. चौदावा पोपट घडीत अर्धा आत गेलेला, नुसती शेपटी बाहेर. त्याची चोच कुठल्या बाजूला आहे हे विचारायला आत्याला फोन केला, तर ती साडी कपाटातून काढून बघायला उठली.