‘जिने टाळा’ म्हणे! मग घरी काय उडत जाऊ?

कोणी शोधून काढला हा सल्ला? पन्नाशीच्या बाईने गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात पाऊल टाकलं की तिच्या हातात पडतो तो हाच: जिने टाळा. तिचं घर कितव्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट आहे का, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. तेही कोणी विचारत नाही. फोंड्यात आमच्यासारख्या जुन्या इमारतीत लिफ्ट नाही. कागदपत्रांची कामं वरच्या मजल्यावर आणि बसची पहिली पायरी चढायची तर हाताने दांडा धरून अंग वर ओढावं लागतं. जिने टाळायचे म्हणजे बाईने नोकरी टाळायची, बाजार टाळायचा की घरी परत जाणं टाळायचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिसऱ्या मजल्यावर राहते. त्यामुळे हा संताप दोन्ही बाजूंनी पिकलेला आहे.

आमच्या समोरच्या वहिनींचंच घ्या. वय 54, वजन 70 किलो. सपाटीवर बाजारभर फिरतील, काही नाही. पण जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या मागे, कळ येते. जमिनीवरून उठताना तीच कळ, सिनेमा पाहून खुर्चीतून उठताना तीच. महिनोन्‌महिने हे चाललं, मग एक्स-रे झाला. त्यात ‘झीज’ लिहून आली. तपासणाऱ्याने फिल्म उजेडात धरली आणि म्हणाला, "गॅप कमी झालाय, वंगण संपलंय, आता सांभाळून राहायचं." बाई घरी आली ती रडतच. वंगण संपलं म्हणजे पुढे काय, गुडघा जाम होणार, खुर्चीत बसून दिवस काढायचे, असं सगळं तिने एका वाक्यातून वाचलं. आणि का वाचणार नाही? असं बोलण्याआधी निदान दोन मिनिटं थांबायला काय जातं?

‘वंगण संपलं’ या दोन शब्दांनी किती बायकांना जिवंतपणी खुर्चीत बसवलंय, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. गुडघ्यात कूर्चा पातळ होते, हाडाच्या कडेला टोकं येतात, हे खरं. वाताचे बदल म्हणतात ते हेच. पण ते दिसणं आणि दुखणं यांचं गणित सरळ नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांवर झालेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेल्या आणि एक्स-रेमध्ये वात न दिसलेल्या माणसांचे गुडघे एमआरआयमध्ये पाहिले, तर 89 टक्क्यांत काही ना काही बदल सापडले. ज्यांना दुखत होतं त्यांच्यात आणि ज्यांना दुखत नव्हतं त्यांच्यात फार फरकही नव्हता. म्हणजे अहवालात ‘झीज’ लिहून आली म्हणून आयुष्य गुंडाळायचं कारण नाही. उलटही होतं. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये वाटीचा सांधा नीट दिसत नाही, त्यासाठी गुडघा वाकवून वरून वेगळा एक्स-रे काढावा लागतो. तो न काढताच "सगळं नॉर्मल आहे, मनाला लावून घेता" असंही ऐकवणारे आहेत. म्हणजे बाई कुठूनही हरणारच!

जिन्यावरच का दुखतं, हे कोणी समजावून सांगत नाही. सपाटीवर चालताना वाटीच्या सांध्यावर साधारण आपल्या वजनाएवढा भार येतो. जिन्यावर तो सुमारे तिप्पट होतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू अंग वर उचलतो, उतरताना तोच स्नायू लांब होत होत आपल्याला हळू खाली सोडतो. स्कूटरचा ब्रेक सैल असला की उतारावर गाडी धडकन पुढे जाते, तसं अशक्त मांडीचं होतं, धक्का थेट वाटीवर बसतो. पाळी जाण्याच्या सुमारास स्नायू तसेही उतरणीला लागतात. त्यात दुखतं म्हणून बाई जिने कमी करते, मांडी अजून वाळते, आणि पुढच्या वेळी तोच जिना जास्त दुखतो. ‘जिने टाळा’ने नेमकं हेच होतं. काही आठवडे जरा कमी जिने, हे मी समजू शकते. कायमचे बंद म्हणजे दुखणं पोसणं.

वहिनींना मी घरातल्या लाकडी खुर्चीवर बसवलं, हात छातीवर दुमडायला सांगितले आणि घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठून बसता येतं ते पाहायचं. साठीच्या बाईला साधारण 12 वेळा जमायला हवं. वहिनींना 7 जमलं, तेही शेवटी अंग पुढे झोकून. एक्स-रेपेक्षा मला हा आकडा जास्त बोलका वाटला. गुडघ्यावर पैसे खर्च करायला निघालेल्या घरात ही चाचणी कोणी केली नव्हती, तिला पैसा लागत नाही म्हणून असेल कदाचित.

मग काम सुरू केलं. आधी पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून गुंडाळी खाली दाबायची, पाच आकडे धरायची, सोडायची. दहा वेळा, दिवसातून दोनदा. ही फक्त सुरुवात आहे. बायका इथेच महिनोन्‌महिने अडकतात आणि मग म्हणतात, व्यायामाने काही होत नाही. होणार कसं, एवढ्याशा भाराने जिना चढायची ताकद येत नाही.

खरी ताकद खुर्चीने आली. उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीतून हात न लावता उठायचं आणि बसताना चार मोजत सावकाश बसायचं. धप्पकन बसलं की ते गणलं जाणार नाही. आठ ते दहा वेळा, मग थांबायचं, असे दोन-तीन फेरे, एक दिवसाआड. जमू लागलं की उशी काढायची. आणि त्यानंतर पाट. जेवायला बसायचा लाकडी पाट भिंतीजवळ ठेवायचा, भिंतीला हात लावायचा, दुखऱ्या पायावर उभं राहून दुसरी टाच हळू जमिनीला टेकवायची आणि परत वर यायचं. गुडघा आत कलंडत असेल तर थांबायचं, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. वहिनींचा गुडघा सुरुवातीला आतच पळायचा, म्हणून कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायामही जोडला. कंबरेच्या बाजूचा स्नायू ढिला असला की गुडघा आत जातो.

दुखणं किती चालेल? शून्य ते दहा मोजायचं. तीन-चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळी नेहमीच्या जागी आलं तर ठीक आहे. गुडघा सुजला किंवा दुसरा दिवसभर ठणकला तर फेरे कमी करायचे, बंद नाही. आवाज येतो म्हणून घाबरायचं नाही. दुखत नसेल तर करकर होऊ द्या. पहिले दोन आठवडे वहिनी मला शिव्या द्यायच्या बाकी होत्या. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि चांगला फरक तीन महिन्यांनी दिसतो. हे आधी सांगितलं नाही की बाई दहाव्या दिवशी तेलाची बाटली आणि पट्टा आणायला धावते.

आता वजन. माझं डोकं इथे खरंच फिरतं. "वजन कमी करा" एवढं बोलून तोंड फिरवणारे लोक! किती कमी करायचं, कसं, त्याने होतं काय, एक शब्द नाही. वजनाचा परिणाम होतो, ते खोटं नाही. 2005 मध्ये गुडघ्याच्या वाताच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. वहिनींचे साडेतीन किलो, म्हणजे पाच टक्के, उतरले तर एका पावलाला चौदा किलो कमी. एवढं सांगितलं असतं तर त्यांनी साठ किलोचं स्वप्न बघून उपाशी मरायचा नाद सोडला असता.

कारण उपाशी राहून जे उतरतं त्यात स्नायूही जातो. आमच्या गावी श्रावणात मासळी बंद होते आणि बायका चहा-बिस्किटावर, भातावर आणि लोणच्यावर येतात. मासळी नसेल तर डाळ, कुळीथ, चवळी, दही वाढायला हवं ना? शीत वाढताना एक मूठ कमी, तोंडी लावायला प्रथिनं जास्त, चहातली साखर अर्धी. वहिनींचं एवढंच ठरलं. चतुर्थीच्या नेवऱ्यांवर मी बंदी घातली नाही, घातली असती तरी कोण ऐकणार होतं!

कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दलही बोलून टाकते. त्या हाडांसाठी आहेत, कूर्चा भरून आणत नाहीत. दुखण्यावर मलम लावायचं असेल तर डायक्लोफेनॅकचं जेल डॉक्टरांना विचारून चालतं, पण त्याच नावाच्या गोळ्या रक्तदाबाच्या औषधांसोबत मनानेच गिळू नका, मूत्रपिंडाला महागात पडतं. आणि गुडघा गरम होऊन लाल झाला, ताप आला, मध्येच अडकून सरळच होईना, पोटरी सुजली, किंवा हातांचे सांधेही सुजून सकाळी तासभर आखडायला लागले, तर माझा पाट-खुर्ची बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठडा धरून. चढताना अंग जरा पुढे झुकवलं की भार वाटीवरून नितंबाकडे सरकतो. हेही कोणी सांगत नाही.

कठडा धरून म्हणाले खरी. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यानंतर कठडाच नाही आणि वरच्या पायऱ्या टेपने मोजल्या तर एकेक वेगळ्या उंचीची निघाली. बांधणाऱ्याला काय गडबड होती देव जाणे. सोसायटीच्या सभेत मी आणि वहिनींनी कठड्याचा विषय काढला, तर वर्गणी नाही म्हणाले. फाटकाला नवा रंग आणि दिवे मात्र त्याच सभेत मंजूर झाले. सेक्रेटरी आमच्याकडे बघून म्हणतात, "तुम्ही तळमजल्यावर का नाही घेत फ्लॅट?" ते स्वतः तळमजल्यावर राहतात. गुडघा त्यांचाही दुखतो म्हणे, मला विचारायला येतात. येऊ दे, आधी कठडा!