‘सर मारायचे’ आणि ‘सरांनी मारलं’

‘मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आमच्या खो-खोच्या सरांवर लिहायचं आहे. 1984 ते 86 त्यांच्या हाताखाली खेळले. उशीर झाला की मैदानाला दोन फेऱ्या, सराव संपेपर्यंत पाणी नाही, खो मिळण्याआधी उठलं की पोटरीवर छडी. तेव्हा फार राग यायचा. आज वाटतं, त्यांच्यामुळेच उभी आहे. पण इथे ब्रिटनमध्ये वाढलेली लेक मसुदा वाचून म्हणाली, आई, हा छळ आहे. आता कसं लिहू?’

ताई, आधी मसुद्यातली क्रियापदं बघा. ‘सर मारायचे’ असं लिहिलं की मार हवामानासारखा होतो. पाऊस पडायचा, लाइट जायचे, सर मारायचे. कोणाला, कधी, किती, याची गरजच उरत नाही. वर ‘प्रसाद मिळायचा’, ‘पाठ शेकून निघायची’ असे आपले लाडके प्रयोग आहेतच, त्यांत तर मारणाऱ्याचा हातही दिसत नाही. घरी हे वाचून लोक हसतात, कारण उरलेलं चित्र ते स्वतःच्या आठवणीतून भरतात. तुमच्या लेकीकडे ती आठवण नाही. तिला फक्त एक मोठा माणूस आणि एक लहान मूल दिसतं.

म्हणून असं प्रत्येक वाक्य एकदा तरी साध्या भूतकाळात लिहून बघा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळच्या सरावात, सरांनी अमुक मुलीच्या पोटरीवर दोन छड्या मारल्या. ती खाली बसली. बाकीच्या सात जणी आपापल्या चौरसात गप्प होत्या. असा एकही दिवस नीट आठवला नाही, तर तीही माहितीच आहे. काही संघांत छडी बहुतेक वेळ काखेतच असते आणि तिच्या गोष्टी मात्र बॅचमागून बॅच पुढे जातात. उलट पाच दिवस लख्ख आठवले आणि पाचही वेळा मुलगी तीच असेल, तर लेखाचा विषय बदलला असं समजा.

मग त्या तीन गोष्टी वेगळ्या करा. मसुद्यात त्या एका दमात येतात आणि ‘शिस्त’ या एका शब्दाखाली जातात. लेकही तेच करते, फक्त तिचा शब्द ‘छळ’ आहे. दोघींचीही गल्लत एकच.

फेऱ्यांचं सोपं आहे. नियम आधी सांगितलेला होता का, सगळ्यांना सारखाच होता का, आणि शिक्षा भोगली की प्रकरण तिथेच मिटायचं का, एवढं तपासा. तुम्ही लिहिलंय की सरांचा स्वतःचा मुलगाही फेऱ्या मारायचा. हे वाक्य मसुद्याच्या तळाशी आहे, ते वर आणा. ‘ते कडक पण प्रेमळ होते’ यापेक्षा ते कितीतरी जास्त सांगतं, आणि इथल्या वाचकालाही विनातक्रार पटतं.

पाण्याची गोष्ट निराळी. सरावात पाणी प्यायलं की पोटात गोळा येतो, पाणी न पिता खेळलं की अंग चिवट होतं, अशी समजूत त्या काळच्या अनेक प्रशिक्षकांची होती, आणि ती आपल्याकडचीच नव्हती. उन्हात घाम गाळणाऱ्या मुलांना पाणी नाकारणं धोक्याचं आहे हे आज कोणीही सांगेल. इथे सरांचा हेतू दुष्ट नव्हता, माहिती चुकीची होती. तसंच लिहा: तेव्हा काय मानत होते, तुम्हाला काय झालं, आज काय माहीत आहे. तीन वाक्यं पुरतील. फक्त ‘पाणी न देता त्यांनी आम्हाला कणखर केलं’ हे वाक्य काढून टाका. तुम्ही कणखर झालात, पण त्याचं श्रेय तहानेला देऊ नका.

राहिली छडी. तुमचा मसुदा वाचून पुण्यातल्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी जे कळवलं ते महत्त्वाचं आहे. बसलेली खेळाडू खो मिळण्याआधी उठते ती आळसाने नाही, अंदाजाने. पाठलाग करणारी आपल्यामागे आली हे तिला पावलांवरून कळतं आणि अंग आधीच सुटतं. छडीने ते सुटणं थांबतं, पण मुलगी मग खो कानावर पडल्यावरही क्षणभर थांबते, खात्री करते, आणि तेवढ्यात पळणारी खांब गाठते. म्हणजे फाउल कमी होतात आणि गडीही कमी बाद होतात. यावर उपाय सरावाचाच: मागून कधी नुसती पावलं वाजवायची, कधी खरा खो द्यायचा, आणि हात पाठीला लागून शब्द ऐकू आला तरच उठायचं, असं पन्नास-साठ वेळा. तुमच्याच मसुद्यात लिहिलंय की सर हेही रोज करून घ्यायचे. मग तुमचा खो कशाने सुधारला, छडीने की त्या साठ खोंनी? पत्रात तुम्ही ते छडीच्या खात्यात टाकलंय. हे गुरुजी पुढे म्हणतात, ‘मीही मारलंय. फरक पडायचा, पण तो मी मैदानावर असेपर्यंतच.’

तुमच्या चुलतभावाचं म्हणणं आहे की मार नसता तर ती बॅच घडलीच नसती, आणि ते टाकीच्या घावांची म्हण पुढे करतात. निम्मं खरं आहे. त्या मैदानावर रोज कोणीतरी वेळेवर येत होतं, तुमच्या चुका लक्षात ठेवत होतं, हे फार मोठं होतं. पण ती म्हण सांगतो मूर्ती झालेला दगड. तडकलेले दगड देवळात पोचतच नाहीत, त्यांना कोण विचारणार? तुमच्या मसुद्यात एक ओळ आहे: ‘दुसऱ्या वर्षी दोघी सोडून गेल्या.’ त्या का गेल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आपल्याकडे हा वाद निघाला की कोणीतरी सचिन आणि आचरेकर सरांचं नाव घेतंच. 2013 मध्ये वानखेडेवर निरोप घेताना सचिन काय बोलला ते पुन्हा ऐका. सर स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एक सामना शिवाजी पार्कला आणि दुसरा आझाद मैदानावर, असं त्याने सांगितलं. 29 वर्षांत सर एकदाही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, हेही सांगितलं. सरांनी मारलेल्या थपडेचा किस्सा त्याने इतरत्र सांगितलाय, आणि लोकांच्या लक्षात तोच राहिला. निरोपाच्या त्या क्षणी शिष्याला मात्र स्कूटर आठवली. तुमच्या सरांची स्कूटर कोणती होती, ते शोधा.

आता लेकीच्या बाजूचं. ती जिथे वाढली तिथे वर्षांनंतरची नजर बहुतेक उलट्या दिशेने फिरते. आपण ‘तेव्हा राग, आता कृतज्ञता’ लिहितो; इथे ‘तेव्हा सगळं ठीक वाटायचं, आता कळतं ते काय होतं’ असं लिहिलं जातं. ब्रिटिश जिम्नॅस्टिक्सबद्दलचा व्हाइट अहवाल जून 2022 मध्ये आला. त्यासाठी 400 हून अधिक निवेदनं आली होती. दुखापतीवर सराव करायला लावणं, वजनावरून अपमान, खाणं-पाणी रोखणं, शौचालयाला जाऊ न देणं, हे त्यात आहे. सांगणाऱ्यांत अनेक जण मोठे झालेले खेळाडू होते, आणि लहानपणी त्यांनी हे नेहमीचंच मानलं होतं. तुमची लेक या हवेत वाढली आहे. ‘पाणी नाही’ हे शब्द वाचून तिला काय आठवलं असेल, याचा अंदाज तुम्हाला यायला हवा.

पण तिलाही एक गोष्ट सांगा. तुम्ही खेळत होतात तेव्हा ब्रिटनच्या सरकारी शाळांतही छडी कायदेशीर होती. काही ठिकाणी ती आधीच बंद झाली होती, पण कायद्याने 1987 मध्ये गेली, आणि इंग्लंडच्या खाजगी शाळांतून 1999 मध्ये. स्कॉटलंडमध्ये चामड्याचा पट्टा असे. भारतात शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई करतं. तो कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. म्हणजे ‘तुमच्या देशात’ आणि ‘माझ्या देशात’ हा भेद तिला वाटतो तेवढा रुंद नाही. इंग्लंडमध्ये तर आईवडिलांना ‘वाजवी शिक्षे’चा बचाव अजूनही कायद्यात आहे, स्कॉटलंडने तो 2020 मध्ये आणि वेल्सने 2022 मध्ये काढला. कायद्यांची ही तुलना लेखात घालू नका, लेख तिथेच कोरडा होईल. जेवताना तिच्याशी बोला.

तुमचं पत्र वाचून आणखी एका बाईंनी लिहिलं की तक्रार करायची असेल तर शाळेकडे न जाता वकील गाठा. त्यांनी प्रश्न चुकीचा वाचलाय, तरी त्यांचं पत्र मी बाजूला ठेवलं नाही. पुढे त्यांनी स्वतःच्या गणिताच्या बाईंबद्दल लिहिलंय. त्या बाईंनी कधी हात उचलला नाही, फक्त वर्षभर फळ्याशी उभं करून ‘हिला विचारू नका, हिला येणार नाही’ एवढंच म्हणत राहिल्या. पत्र लिहिणाऱ्या बाईंना आजही चारचौघांत हिशेब करायला नको वाटतं. छडी असली की लेखकाला निदान काय तोलायचं ते दिसतं. तुमच्या सरांची जीभ कशी होती, याबद्दल मसुदा गप्प आहे.

मांडणीचं म्हणाल तर पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत फक्त तेव्हाच्या मुलीला ठाऊक होतं तेवढंच येऊ द्या. ‘आज कळतं’ हे शब्द निम्मा लेख होईपर्यंत वापरू नका. ते लवकर आले की वाचकाला तुमचा निकाल आधी मिळतो आणि पुढचे प्रसंग पुराव्यासारखे वाटू लागतात. आणि निकाल एकच असायला हवा असंही नाही: फेऱ्यांबद्दल कृतज्ञता, पाण्याबद्दल हळहळ, छडीबद्दल ‘मला अजून ठरवता येत नाही’, हे तिन्ही एका लेखात राहू शकतं. चुलतभाऊ याला पळवाट म्हणतील. म्हणू देत.

छापण्याआधी सोडून गेलेल्या त्या दोघींपैकी जिचा नंबर मिळेल तिला फोन करा. मसुदा वाचून दाखवू नका. ‘तू का सोडलंस?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. कारण परीक्षेचं किंवा घरचं निघालं तर ती ओळ तशीच राहू दे. सर निघाले, तर ते लिहायचं की नाही हे तिला विचारून ठरवा, नाव तर अजिबात नको. ती बोलायला तयार नसेल तर तसंच लिहा: विचारलं, ती काही बोलली नाही.